‘निग्रिटो’ या शब्दाचा गुंता: काळ्या त्वचेच्या समाजांचं नातं का जुळत नाही

कर्नाटकातल्या हल्याळ-यल्लापूर भागातला एखादा सिद्दी आणि मध्य अंदमानच्या जंगलातला एखादा जारवा, यांचे फोटो शेजारी ठेवले तर बहुतेक लोक दोघांना एकाच मुलखातले ठरवतील. रंग जवळजवळ तितकाच गडद, केस बारीक कुरळे, नाक रुंद. प्रत्यक्षात सिद्दींचे बहुतेक पूर्वज गेल्या काही शतकांत आफ्रिकेहून अरब आणि पोर्तुगीज जहाजांतून पश्चिम भारतात आले. जारव्यांचे पूर्वज आफ्रिकेतून निघाले ते तुमच्या-आमच्या, चिन्यांच्या आणि युरोपीयांच्या पूर्वजांबरोबर, साधारण ५० ते ७० हजार वर्षांपूर्वी. वंशावळीच्या हिशेबाने जारव्याला केनियातल्या माणसापेक्षा टोकियोतला माणूस जवळचा आहे. तरीही स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांत आणि सरकारी पत्रकांत अंदमानच्या आदिवासींपुढे ‘निग्रिटो’ हाच शब्द छापला जातो, आणि वाचणाऱ्याच्या मनात आफ्रिका उभी राहते. हा शब्द कुठून आला आणि तो का टिकत नाही, हे नीट उलगडलं की बाकीचं बरंचसं आपोआप सुटतं.

नावं आधी नकाशावर चढली, अभ्यास नंतर झाला. १५४५ मध्ये एका स्पॅनिश दर्यावर्द्याला एका मोठ्या बेटावरचे लोक आफ्रिकेतल्या गिनीच्या किनाऱ्यावरच्या लोकांसारखे वाटले, म्हणून ते बेट ‘न्यू गिनी’ झालं. फिलिपिन्समध्ये स्पॅनिशांनी डोंगरातल्या बुटक्या, काळ्या लोकांना ‘निग्रिटो’ म्हणायला सुरुवात केली. त्याचा अर्थ ‘छोटे काळे’, एवढाच. तिथल्या एका बेटाचं नावही निग्रोस पडलं, ते अजून तसंच आहे. १८३२ मध्ये एका फ्रेंच दर्यावर्द्याने पॅसिफिकची वाटणी केली आणि काळ्या लोकांच्या बेटांना ‘मेलानेशिया’ असं नाव दिलं. या सगळ्यांत नात्याचा दावा असा कुणी केला नव्हता. डोळ्यांना दिसलं ते लिहिलं. पण नाव पडलं की त्याच्यामागे एक समूह आहे असं गृहीत धरलं जातं, आणि एकोणिसाव्या शतकात तेच झालं. मलायातले सेमांग, फिलिपिन्समधले आएता आणि अंदमानचे लोक एका खणात गेले, आणि त्या खणाचं दार आफ्रिकेकडे उघडतं असं मानलं गेलं. अंदमानचे लोक म्हणजे बुडालेल्या पोर्तुगीज जहाजावरच्या गुलामांचे वंशज, अशीही एक कल्पना बरीच वर्षं फिरत होती. नवव्या शतकातल्या अरब प्रवासवर्णनांत या बेटांवरच्या काळ्या लोकांचा उल्लेख आहे, म्हणजे पोर्तुगीज या समुद्रात येण्याच्या सहाशे वर्षं आधी. पण त्या कल्पनेला त्याने फारसा फरक पडला नाही.

भारतात हा शब्द पक्का झाला तो १९३१ च्या जनगणनेच्या वेळी. त्या जनगणनेला जोडून देशभरातल्या समाजांची शारीरिक मोजमापं घेतली गेली आणि त्यावरून भारतीयांची सहा मुख्य गटांत विभागणी झाली. त्यातला पहिला, सर्वांत जुना थर निग्रिटो ठरवला गेला. आज परीक्षेला बसणारा विद्यार्थी जी यादी पाठ करतो (निग्रिटो, प्रोटो-ऑस्ट्रेलॉइड, मंगोलॉइड वगैरे) ती तीच. तिचा आधार काय होता, हे मात्र मार्गदर्शकात नसतं.

आधार प्रामुख्याने तीन गोष्टींचा होता: उंची, केस आणि नाक. दक्षिणेकडच्या डोंगरांत, विशेषतः केरळातल्या कादर समाजात, काही लोकांचे केस लोकरीसारखे घट्ट गुंडाळलेले दिसले. त्यावरून मुख्य भूमीवरही एकेकाळी निग्रिटो होते आणि नंतर आलेल्यांत ते मिसळून गेले, असा निष्कर्ष निघाला. यावर आक्षेप लगेच आले. कादरांपैकी बहुसंख्यांचे केस कुरळे किंवा नागमोडी होते. लोकरी केसांची माणसं थोडी होती. थोड्यांना खरे वारसदार आणि बाकीच्यांना मिश्र मानायचं की थोड्यांना नेहमीच्या फरकातलं एक टोक मानायचं, हा निर्णय मोजमापाने होत नाही. तो मोजणाऱ्याने आधीच केलेला असतो. मला हा या सगळ्या प्रकरणातला कळीचा मुद्दा वाटतो. कादरांच्या केसांतून निग्रिटो सिद्ध झाले नाहीत. निग्रिटो असणारच हे धरून कादरांचे केस वाचले गेले.

नाकाचं गणित बघण्यासारखं आहे. नासिका निर्देशांक म्हणजे नाकाची रुंदी भागिले नाकाची उंची, गुणिले शंभर. ८५ किंवा त्याहून जास्त आला की नाक ‘रुंद’. समजा एखाद्याच्या नाकाची उंची ४८ मिलिमीटर आणि रुंदी ४० मिलिमीटर आहे. निर्देशांक येतो ८३.३, म्हणजे मध्यम. आता नाकाचा वरचा बिंदू, म्हणजे दोन भुवयांच्या मधली हाडाची सांध, कातडीवरून बोटाने चाचपून शोधावी लागते. तिथे एक मिलिमीटर इकडेतिकडे होणं रोजचं. रुंदी घेताना मापकाचा दाब थोडा कमी पडला की तिथेही एक मिलिमीटर वाढतो. ४१ भागिले ४७ केलं की ८७.२ येतात. एकाच माणसाचं नाक दोन मिलिमीटरच्या चुकीने एका गटातून दुसऱ्यात गेलं. शिवाय दमट, उष्ण हवेत रुंद नाकपुड्या आणि थंड, कोरड्या हवेत अरुंद नाकपुड्या, असा कल जगभर दिसतो. म्हणजे नाक मोजून आपण बऱ्याच अंशी हवामान मोजत होतो.

त्वचेच्या रंगाचं मोजमाप तर त्याहून कच्चं होतं. ३६ रंगीत काचांच्या तुकड्यांची एक पट्टी असायची. ती दंडाजवळ धरून कोणता तुकडा जुळतो ते बघायचं आणि त्याचा क्रमांक लिहायचा. काच चकाकते, कातडी चकाकत नाही. सकाळच्या आणि दुपारच्या उजेडात वेगळे क्रमांक येतात. दोन निरीक्षकांचं एकमत होत नाही. आता परावर्तनमापक वापरतात. दंडाच्या आतल्या बाजूला, जिथे ऊन लागत नाही, तिथे यंत्र टेकवतात, लाल प्रकाश सोडतात आणि किती परत येतो ते मोजतात. मेलॅनिन जितकं जास्त तितका लाल प्रकाश कमी परततो. कपाळावर किंवा हाताच्या पाठीवर माप घेतलं तर शेतात राबणारा आणि दुकानात बसणारा यांच्यातला फरक मोजला जातो, वंशाचा नाही. आकडा अचूक आला तरी त्यातून रंग किती आहे तेवढंच कळतं. तो कुणाकडून आला, हे यंत्राला सांगता येत नाही.

आता रंगाचाच विचार करू. रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींची संख्या गोऱ्या आणि काळ्या माणसांत जवळजवळ सारखीच असते. फरक पडतो तो त्या पेशी मेलॅनिनच्या किती पुड्या बनवतात, त्या केवढ्या मोठ्या असतात आणि कोणत्या जातीचं मेलॅनिन भरतात, याने. गडद त्वचेत या पुड्या मोठ्या, सुट्या असतात आणि पेशीच्या केंद्रकावर छत्रीसारख्या पसरतात. विषुववृत्ताजवळच्या उन्हात ही छत्री शरीरातलं फोलेट अतिनील किरणांपासून वाचवते, असं आज बहुतेक अभ्यासक मानतात. फोलेट कमी पडलं तर गर्भाची मज्जानलिका नीट बंद होत नाही. म्हणजे इथे निवड थेट पुढच्या पिढीवर चालते. उत्तरेकडे ऊन कमी, तिथे ड जीवनसत्त्व बनवायला उलट छत्री हलकी लागते. त्यामुळे जगाच्या नकाशावर त्वचेचा रंग अतिनील किरणांच्या पट्ट्यांच्या मागे जातो. लोकांच्या स्थलांतराच्या वाटांशी तो जुळेलच असं नाही.

निवडीचा दाब किती कडक आहे, हे एमसी१आर नावाच्या जनुकात दिसतं. युरोपात या जनुकाचे बरेच बिघडलेले प्रकार आढळतात. लाल केस त्यातलेच. आफ्रिकेतल्या लोकांत याच जनुकात प्रथिन बदलणारे फरक फारच विरळ. एरवी आफ्रिकेत जनुकीय विविधता जगात सर्वांत जास्त आहे, म्हणून ही गोष्ट उठून दिसते. बदल तिथेही होत राहिले, पण कडक उन्हात ते पुढच्या पिढ्यांत टिकले नाहीत.

लोकप्रिय लेखांत यानंतर एक वाक्य हमखास येतं: आफ्रिका, दक्षिण भारत, ऑस्ट्रेलिया इथे काळा रंग स्वतंत्रपणे, वेगवेगळ्या वेळी उत्क्रांत झाला. हे पूर्ण खरं नाही. २०१७ मध्ये इथिओपिया, टांझानिया आणि बोट्स्वानातल्या सुमारे दीड हजार लोकांवर एक मोठा अभ्यास झाला. एमएफएसडी१२ नावाच्या जनुकाजवळचे रंग गडद करणारे जे प्रकार तिथे सापडले, तेच दक्षिण भारतीयांत, ऑस्ट्रेलियाच्या आदिवासींत आणि मेलानेशियनांतही आहेत. शिवाय ते वेगवेगळे तयार झालेले दिसत नाहीत. एकाच जुन्या मूळ तुकड्याच्या त्या प्रती आहेत.

मग हे नात्याचंच लक्षण नाही का? नाही. समजा भावकीत तीन घरं आहेत. पणजोबांच्या काळचं दगडी जोतं तिघांनाही मिळालं. मधल्या घराने ते काढून सिमेंटचं केलं. कडेच्या दोघांनी तसंच ठेवलं. आज रस्त्यावरून बघणारा म्हणेल, कडेची दोन घरं एकमेकांची सख्खी आणि मधलं परकं. पण मधला आणि उजवीकडचा सख्खे भाऊ असतील आणि डावीकडचा चुलत चुलता असेल, हेही तितकंच शक्य आहे. जुनी वस्तू राखून ठेवणं नात्याचा पुरावा होत नाही. नवा बदल दोघांत सारखा सापडला तर तो होतो. रंगाचे हे प्रकार आफ्रिकेतून बाहेर पडण्याच्या कितीतरी आधीचे आहेत. बाहेर पडलेल्या सगळ्यांच्याच सामानात ते होते. ज्यांना विषुववृत्ताजवळच राहायचं होतं त्यांनी ते जपले, उत्तरेला गेलेल्यांचे गळाले.

उलट बाजूने बघितलं तरी हेच. युरोपीयांचा गोरेपणा मोठ्या प्रमाणात एसएलसी२४ए५ या जनुकातल्या डीएनएच्या एका अक्षरावर उभा आहे (माहितीसंचांत ते rs1426654 या नावाने मिळतं). २००५ मध्ये ते सापडलं, तेही एका फिकट पट्ट्यांच्या झेब्रामाशाचा शोध घेताना. पूर्व आशियातल्या लोकांत हे बदललेलं अक्षर जवळजवळ नाही. त्यांचा उजळपणा दुसऱ्या जनुकांतून आला. म्हणजे गोरेपणाही एका घराण्याचा नाही. भारतात हे अक्षर सगळीकडे विखुरलेलं आहे. आई-वडील दोघांकडेही त्याची एकेक प्रत असली तर एका मुलाला दोन, दुसऱ्याला शून्य येऊ शकतात, आणि सख्ख्या भावंडांच्या रंगात डोळ्यांना दिसेल एवढा फरक पडतो. ज्या खुणेवरून सख्खे भाऊ ओळखता येत नाहीत, तिच्यावरून खंड जोडायचे हा धाडसी प्रकार आहे.

सॉलोमन बेटांवर तर दर दहा-वीस गडद काळ्या माणसांत एखाद्याचे केस पिवळट सोनेरी असतात. खलाशांनी ते युरोपीय रक्ताचं लक्षण मानलं, काहींनी समुद्राच्या पाण्याचं. २०१२ मध्ये कारण सापडलं: टीवायआरपी१ या जनुकातला एकच बदल. तो युरोपात आढळत नाही.

तर मग नातं तपासायचं कसं? पहिली पायरी आईकडून येणाऱ्या मायटोकाँड्रियल डीएनएची. हा १६,५६९ अक्षरांचा छोटा गोल धागा. आफ्रिकेबाहेरचे सगळे मूळ मातृवंश एल३ नावाच्या एका आफ्रिकी फांदीच्या एम आणि एन या दोन उपफांद्यांत बसतात. अंदमानातल्याच ओंगे आणि ग्रेट अंदमानी लोकांचे पूर्ण धागे २००५ मध्ये वाचले गेले, तेव्हा ते सगळे एमच्याच शाखांत, एम३१ आणि एम३२ मध्ये गेले. आफ्रिकेतली एल शाखा एकाकडेही नव्हती. सिद्दींत मात्र एलच्या शाखा भरपूर सापडतात. पापुआतल्या लोकांत पी आणि क्यू या तिसऱ्याच.

इथे चूक होते ती धाग्याचा छोटा तुकडा वाचून निष्कर्ष काढल्याने. सुरुवातीच्या काळात धाग्याचा सुमारे ४०० अक्षरांचा, झपाट्याने बदलणारा भागच वाचला जायचा. शंभर वर्षांपूर्वी गोळा झालेल्या केसांतून तर तेवढंच हाती लागायचं. त्या भागात तोच बदल वेगवेगळ्या फांद्यांवर पुन्हापुन्हा होतो, म्हणून दोन असंबद्ध माणसं योगायोगाने जुळतात. जुळणी दिसली की धाग्याच्या उरलेल्या भागातल्या हळू बदलणाऱ्या खुणा बघायच्या. त्या जुळल्या नाहीत तर पहिली जुळणी सोडून द्यायची.

वडिलांकडून येणाऱ्या वाय गुणसूत्राने आणखी एक गंमत दाखवली. तपासलेल्या ओंगे आणि जारवा पुरुषांचा पितृवंश डी निघाला. जगात हा वंश मोठ्या प्रमाणात आणखी दोनच ठिकाणी आहे: तिबेट आणि जपान. रंगावरून हे तिघे एका ओळीत कुणीही उभे केले नसते.

पण आई-वडिलांच्या एकेरी रेषा म्हणजे हजारो पूर्वजांतली एकेक ओळ. खरी कसोटी संपूर्ण जीनोमवर, म्हणजे माणसाच्या सगळ्या डीएनएवर लागते, आणि ती समजायला सोपी आहे. चिंपांझी, योरुबा (पश्चिम आफ्रिका), ओंगे आणि हान चिनी असे चौघे घ्यायचे. जिथे चिंपांझीचं अक्षर मूळचं आणि योरुबाचं बदललेलं आहे अशा जागा शोधायच्या. त्यातल्या ज्या जागांवर ओंगे आणि हान यांच्यापैकी एकाकडेच ते बदललेलं अक्षर आहे, तेवढ्याच ठेवायच्या. मग मोजायचं: ओंगेकडे किती वेळा, हानकडे किती वेळा. ओंगे आफ्रिकेच्या जवळचे असतील तर पारडं त्यांच्याकडे झुकायला हवं. नेहमीच्या आज्ञावलीला ही चौकडी एका ओळीत द्यायची असते:

```
Chimp  Yoruba  Onge  Han
```

उत्तर ऋण आलं तर योरुबा-ओंगे जवळचे, धन आलं तर योरुबा-हान. शेजारशेजारची अक्षरं एकत्रच वारशाने येतात, त्यामुळे लाखो जागा मोजल्या तरी त्या लाखो स्वतंत्र साक्षी नसतात. म्हणून जीनोमचे मोठे खंड पाडून एकेक खंड वगळत पुन्हा हिशेब करतात आणि चुकीची मर्यादा काढतात. उत्तर त्या मर्यादेच्या तिपटीपेक्षा मोठं असेल तरच मानायचं. ओंगे आणि हान यांच्यात पारडं शून्याच्या आसपास राहतं. ओंगेंचा आफ्रिकेशी चिन्यांपेक्षा अधिक संबंध दिसत नाही. ओंगेच्या जागी सिद्दी ठेवा, आकडा एकदम आफ्रिकेकडे कोसळतो. पापुआचा माणूस ठेवला तर पारडं किंचित उलटीकडे जातं, म्हणजे तो आफ्रिकेपासून चिन्यांपेक्षाही थोडा लांब.

हा शेवटचा झुकाव कशामुळे, ते २०१० मध्ये कळलं. सायबेरियातल्या एका गुहेत सापडलेल्या बोटाच्या हाडातून डेनिसोवन नावाचा नामशेष मानवगट ओळखला गेला. पापुआतल्या लोकांच्या जीनोममध्ये ३ ते ५ टक्के वाटा या गटाचा आहे. आणि इथेच ‘निग्रिटो’ हा खण आतूनच फुटतो. फिलिपिन्समधल्या आएता आणि मामनवा यांच्यात डेनिसोवन वाटा ठळक आहे; २०२१ मधल्या एका अभ्यासात एका आएता गटात तो पापुआपेक्षाही जास्त निघाला. अंदमानचे ओंगे आणि मलेशियातल्या सेमांगांपैकी जेहाई यांच्यात मात्र तसा वाटा सापडत नाही. तिन्ही निग्रिटो एकाच निग्रिटो पूर्वजांचे असते तर एवढा फरक सहज पडला नसता. शब्दाने आफ्रिकेशी जोडलेलं नातं तर नव्हतंच, आपापसातलंही निघालं नाही. तिन्ही समाज आपापल्या भागातल्या शेजाऱ्यांशी जास्त जोडलेले आहेत.

यानंतर एक नवा गुंता झाला, तो मात्र आपल्या घरचा. २००९ मध्ये भारतातल्या २५ समाजांच्या १३२ लोकांवर केलेल्या अभ्यासात बहुतेक भारतीय दोन जुन्या प्रवाहांच्या मिश्रणातून आल्याचं मांडलं गेलं. त्यातल्या दक्षिणेच्या प्रवाहाचा शुद्ध नमुना आज कुठेच शिल्लक नाही. प्रत्येक समाज कमीअधिक मिसळलेला. गणिताला मात्र एक न मिसळलेला नातेवाईक हवा होता, म्हणून ओंगे वापरले. दुसरा पर्यायही नव्हता, त्यामुळे निर्णय तांत्रिकदृष्ट्या योग्यच होता. पण बातम्यांत आलं: ‘दक्षिण भारतीय हे अंदमानींचे वंशज’. आणि मार्गदर्शकांतल्या निग्रिटो थराला जणू डीएनएने शिक्कामोर्तब केलं. ओंगे तिथे वंशज म्हणूनही नव्हते आणि पूर्वज म्हणूनही नव्हते. ते बदली खेळाडू होते. भारताच्या मुख्य भूमीवरचे सर्वांत जुने शिकारी आणि अंदमानींचे पूर्वज यांची फारकत हजारो पिढ्यांपूर्वीची आहे, आणि जवळपास त्याच सुमारास पूर्व आशियाई आणि ऑस्ट्रेलिया-पापुआ या शाखाही सुटल्या. आता त्या भारतीय प्रवाहाला वेगळं नाव देतात आणि ओंगेंचा वापर अंदाजापुरताच असल्याचं स्पष्ट लिहितात. बातम्या मागे घेतल्या जात नाहीत, हा भाग वेगळा.

ओंगे वापरताना आणखी एका गोष्टीचं भान ठेवावं लागतं. २०११ च्या जनगणनेत ओंगे १०१ होते. इतक्या लहान आणि दीर्घकाळ तुटक राहिलेल्या समाजात अक्षरांची प्रमाणं निव्वळ योगायोगाने शून्याकडे किंवा शंभराकडे सरकतात. दोन समाजांतलं सरळ अंतर काढलं तर ओंगे सगळ्यांपासूनच फार दूर दिसतात, शेजाऱ्यांपासूनसुद्धा. कुणी या अंतराचा तक्ता दाखवून ‘बघा, किती प्राचीन लोक’ म्हणालं तर समजावं की त्याने लहान लोकसंख्येचा परिणाम काळ म्हणून वाचला आहे. वर सांगितलेली चौघांची मोजणी या दोषापासून बरीचशी सुरक्षित असते, कारण ओंगेंच्या एकट्यांत झालेला बदल योरुबाकडे नसतो आणि तो हिशेबातच येत नाही.

आफ्रिकेच्या आतही हीच शिस्त लावावी लागते. मध्य आफ्रिकेच्या वर्षावनातले शिकारी समाज आणि पश्चिम आफ्रिकेतले शेतकरी, दोघे काळे. पण त्यांच्या शाखा सुटल्या तेव्हा आफ्रिकेबाहेरच्या शाखा अजून एकमेकांपासून वेगळ्याही झाल्या नव्हत्या. ‘काळे’ हा गट मानवी वंशावळीवर एका फांदीसारखा कापून काढताच येत नाही. त्याला कापायला गेलात तर जवळपास सगळं झाड हातात येतं.

राहिला तो बुडालेल्या जहाजाचा प्रश्न. सिद्दींमुळे तो तपासता येतो. २०११ मध्ये कर्नाटक आणि गुजरातेतल्या सिद्दींचे जीनोम तपासले गेले. त्यांच्यात साधारण ६० ते ७५ टक्के वाटा बांटू भाषा बोलणाऱ्या आफ्रिकी समाजांचा आहे, बाकी भारतीय आणि थोडा युरोपीय. गंमत अशी की मराठी बखरी त्यांना हबशी म्हणतात, आणि त्याचा अर्थ ॲबिसिनियाचे. पण या सिद्दींचा मुख्य वारसा त्या मुलखाचा नाही. मिश्रण सुमारे २०० वर्षांपूर्वीचं आहे, हे आफ्रिकी तुकड्यांच्या लांबीवरून कळतं. प्रत्येक पिढीत आई-वडिलांची गुणसूत्रं कापली-जोडली जातात, त्यामुळे वेगळ्या वारशाचे तुकडे पिढीगणिक आखूड होतात. ढोबळ सूत्र असं: शंभर भागिले पिढ्यांची संख्या, उत्तर सेंटीमॉर्गन या गुणसूत्राची लांबी मोजायच्या एककात. दर पिढीला २५ वर्षं धरली तर २०० वर्षं म्हणजे ८ पिढ्या, तुकड्यांची सरासरी लांबी साडेबारा सेंटीमॉर्गन, अक्षरांत सांगायचं तर सव्वा कोटीच्या आसपास. एवढा तुकडा लपत नाही.

आता अंदमानजवळ ४०० वर्षांपूर्वी गुलामांचं जहाज फुटलं आणि वाचलेले लोक बेटावरच्या रहिवाशांत मिसळले असं धरा. १६ पिढ्या झाल्या, तुकडे सहा सेंटीमॉर्गनच्या जवळपास उरायला हवेत. साठ लाख अक्षरांचे सलग आफ्रिकी पट्टे. जहाजावरचेच लोक या समाजांचे एकमेव पूर्वज असते तर संपूर्ण जीनोमच आफ्रिकी निघाला असता. ओंगे आणि जारव्यांच्या जीनोममध्ये यापैकी काहीही नाही.